आराखड्यात टक्के नकोत, मुलांची नावं हवीत

शाळा विकास आराखडा हा कागद महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत असतो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ नुसार तो शाळा व्यवस्थापन समितीने करायचा असतो, प्रत्यक्षात मुख्याध्यापक लिहितो आणि समिती सही करते. त्यात गैर काही नाही, कारण शाळेचा हजेरीपट, वेळापत्रक आणि शिक्षकांची वाटणी ज्याच्या हातात आहे त्यानेच मसुदा करावा. अडचण त्या कागदात काय लिहिलं जातं याची आहे. कायद्याखालच्या आदर्श नियमांनी आराखड्यात ज्या गोष्टी मागितल्या त्या अशा: तीन वर्षांचा इयत्तावार अपेक्षित पट, लागणारे जादा शिक्षक, खोल्या आणि साहित्य, आणि त्यासाठीचा पैसा. पटावरचं मूल रोज येतं का आणि आलेल्या मुलाला वाचता येतं का, हे दोन प्रश्न त्या यादीत सरळ विचारलेलेच नाहीत. म्हणून आराखडे संरक्षक भिंत, शौचालय दुरुस्ती आणि दोन वर्गखोल्यांच्या मागणीने भरतात. शेवटी एक ओळ येते: ‘उपस्थिती १०० टक्के करणे, अप्रगत विद्यार्थ्यांसाठी जादा तास घेणे.’ त्या ओळीतून कोणाला उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही.

माझं म्हणणं असं की मुख्याध्यापकाने उपस्थिती आणि अध्ययन अंतर यांचा एकच आराखडा लिहावा, तो चार पानांपेक्षा मोठा नसावा आणि त्यात टक्क्यांऐवजी मुलांची नावं असावीत. हे का, ते एका शाळेच्या आकड्यांवरून पाहू. शाळा कल्पित आहे, पण मराठवाड्याच्या ऊसतोड पट्ट्यात अशी शाळा कुठेही सापडेल. पहिली ते पाचवी, पट ११८, शिक्षक चार. कायद्याच्या परिशिष्टानुसार ९१ ते १२० पटाला चारच शिक्षक मिळतात आणि स्वतंत्र मुख्याध्यापक १५० पटाच्या वर. म्हणजे इथला मुख्याध्यापक स्वतः एक वर्ग सांभाळून बाकीचं बघतो. आराखडा त्याला पेलेल एवढाच असला पाहिजे.

या शाळेची चौथी घ्या. पट २८. जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत ६० दिवस शाळा भरली. हजेरीपटाची बेरीज केली तर सरासरी उपस्थिती साधारण ८७ टक्के येते. केंद्रप्रमुखांना हा आकडा सांगितला तर ते पुढच्या वर्गाकडे वळतील, कारण आकडा वाईट नाही. आता हीच बेरीज खालून वर न करता आडवी करा, एकेका नावासमोर. १७ मुलांचे सरासरी ३ दिवस बुडाले. ६ मुलांचे सरासरी ९ दिवस. आणि ५ मुलांचे सरासरी २४ दिवस. २८ मुलांचे मिळून २२५ दिवस बुडाले, त्यातले १२० दिवस एकट्या पाच मुलांचे. दहा टक्क्यांहून जास्त गैरहजर असलेलं मूल धोक्यात, असा सोपा निकष लावला तर ६० दिवसांत सहापेक्षा जास्त दिवस गैरहजर असलेली ११ मुलं निघतात. ८७ टक्के उपस्थितीच्या वर्गात दहातली चार मुलं धोक्यात आहेत आणि सरासरीने त्यातलं एकही दिसू दिलं नाही.

म्हणून आराखड्याचं पहिलं काम हे आडवी बेरीज करण्याचं. तीन महिन्यांचा हजेरीपट घेऊन बसलं तर एका वर्गाला अर्धा-पाऊण तास लागतो. नाव, बुडालेले दिवस आणि सलग बुडाले की सुटे सुटे, एवढंच लिहायचं. सुट्या दिवसांसाठी वारही बघावा. आठवडी बाजाराच्या दिवशी ठराविक चार मुलं नसतात हे हजेरीपटात उभ्या रांगेत लगेच दिसतं, पण रोज हजेरी घेणाऱ्याच्या लक्षात येईलच असं नाही. सोमवारी न येणारी मुलं बहुधा शनिवार-रविवारी मामाच्या किंवा आत्याच्या गावाला गेलेली असतात. आणि एक गळती हजेरीपटात कधीच येत नाही: सकाळी हजेरी लागली, दुपारी खिचडी झाली आणि मूल घरी गेलं. त्यासाठी आठवड्यातून दोन वेळा, आधी न सांगता, जेवणानंतरच्या तासाला डोकी मोजावी लागतात. हजेरीपट, पोषण आहाराच्या नोंदवहीतली संख्या आणि प्रत्यक्ष बसलेली मुलं हे तिन्ही आकडे जुळत नसतील तर पुढचा सगळा आराखडा वाळूवर आहे.

इथे एक नाजूक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली ती पटावरच्या खोट्या नावांच्या संशयातूनच, आणि ती नावं निघालीही. हजेरीवर पैसा, धान्य आणि शिक्षकांची पदं अवलंबून असतील तर हजेरी फुगवायचा मोह होणारच. पहिली ते चौथीतल्या मागासवर्गीय मुलींना ७५ टक्के हजेरीवर दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता मिळतो. त्या रकमेने मुलगी शाळेत येते असं आज कोणी म्हणणार नाही, पण मुलीचा भत्ता बुडू नये म्हणून ‘ह’ लिहिणारा शिक्षक मात्र मनाने वाईट नसतो. म्हणून मुख्याध्यापकाने आराखडा सुरू करतानाच सहकाऱ्यांना सांगावं की पहिल्या दोन महिन्यांत कमी हजेरीबद्दल कोणाला जाब विचारला जाणार नाही, फक्त खरी नोंद हवी. तसं नाही केलं तर आकडे सुधारतील आणि मुलं जिथे आहेत तिथेच राहतील.

आता त्या पाच मुलांकडे येऊ, कारण आराखडा इथे खरा सुरू होतो. समजा दोन मुलींची आई खुरपणीला जाते आणि धाकटं भावंड त्यांच्याकडे असतं. एका मुलाला खरूज आणि वरचेवर ताप आहे. एक मुलगा महिन्यातले दहा दिवस आजोळी असतो. पाचव्याचं कारण घरात कोणालाच सांगता येत नाही, तो घरून निघतो आणि ओढ्याकडे जातो. या पाचांना ‘पालकांचे प्रबोधन’ हा एकच उपाय लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं.

मुलींचं घ्या. धाकटं भावंड तीन वर्षांच्या पुढचं असेल तर ते अंगणवाडीत जाऊ शकतं, पण अंगणवाडी दुपारपर्यंत सुटते आणि शाळा साडेचार-पाचपर्यंत चालते. मधल्या दोन-तीन तासांसाठी मुलगी अख्खा दिवस घरी राहते. अंगणवाडी शाळेच्या आवारात किंवा शेजारी असेल तर सुटल्यावर ते भावंड मुलीच्या वर्गात येऊन बसेल, हे शाळेने उघडपणे मान्य करायला हवं. वर्गात लहान मूल बसलं तर शिस्त बिघडते, हा आक्षेप मला मान्य आहे. तरी चौथीतल्या मुलीचे तिमाहीत २४ दिवस बुडण्यापेक्षा कोपऱ्यात सतरंजीवर बसलेलं चार वर्षांचं मूल परवडतं. भावंड तीन वर्षांच्या आतलं असेल तर अंगणवाडीत त्याला दिवसभर सांभाळण्याची सोय नसते. तिथे घरातली आजी, शेजारीण किंवा कामाच्या पाळ्या बदलणं याखेरीज शाळेच्या हातात फार काही नाही. आराखड्यात तसं लिहावं: ‘पूर्ण दिवस शक्य नाही, सकाळचे तीन तास नक्की.’ अर्धा दिवस आलेल्या मुलीला वाचनाचा तास मिळतो, पूर्ण गैरहजर मुलीला काहीच मिळत नाही.

ताप-खरूज असलेल्या मुलासाठी उपाय शाळेत नाहीच, तो प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. खरूज एकाची बरी होऊन उपयोग नसतो. घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावलं नाही आणि अंथरूण-कपडे गरम पाण्यात धुतले नाहीत तर दोन-तीन आठवड्यांत ती परत येते. आराखड्यात आशाताईंचं नाव आणि तारीख यायला हवी. आजोळी जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत त्या गावच्या शाळेत त्याला बसू द्यावं, एवढा एक फोन तिथल्या मुख्याध्यापकांना करता येतो.

पाचवा मुलगा, जो ओढ्याकडे जातो, तो बहुतेक वेळा वाचता न येणारा असतो. त्याची गैरहजेरी हे कारण नसून परिणाम आहे. उपस्थिती आणि अध्ययन अंतर यांचे दोन वेगळे आराखडे करू नयेत, ते नेमकं याच मुलासाठी. त्याला रोज घरून धरून आणलं आणि वर्गात चौथीचं पुस्तक समोर ठेवलं तर तो पुन्हा जाणार.

त्यामुळे दुसरी यादी करावी लागते, वाचनाची आणि गणिताची. लेखी चाचणी यासाठी निरुपयोगी आहे, कारण ज्याला वाचता येत नाही त्याचा कोरा पेपर सगळं सारखंच सांगतो. मूल शेजारी बसवून तोंडी घ्यावं. चार छोट्या वाक्यांचा परिच्छेद आधी द्यायचा. तो सहज वाचला तर आठ-दहा वाक्यांची गोष्ट, नाही वाचला तर सुटे शब्द, तेही नाही तर अक्षरं. पाचपैकी चार बरोबर आले तर ती पायरी गाठली असं धरायचं. परिच्छेदात तीनपर्यंत चुका चालतात, पण वाक्य म्हणून वाचलं पाहिजे, एकेक शब्द तोडत नाही. एका मुलाला पाच ते सात मिनिटं लागतात. २८ मुलांचा वर्ग तीन दिवसांत, रोज एक तास दिला की होतो. स्वतःच्या वर्गाची चाचणी स्वतः घेऊ नये, दोन शिक्षकांनी वर्ग बदलून घ्यावी. आपल्या मुलाने अडखळत वाचलं तरी आपल्याला ते वाचल्यासारखं वाटतं, कारण तो काय म्हणणार ते आपल्याला आधीच माहीत असतं.

मराठीत एक पायरी या चाचणीत निसटते. ‘अक्षर’ आणि ‘शब्द’ यांच्यामध्ये बरीच मुलं अडकलेली असतात आणि दोघांचा आजार वेगळा असतो. एका मुलाला क, म, र हीच अक्षरं नक्की ओळखता येत नाहीत. दुसऱ्याला सगळी अक्षरं येतात, पण तो ‘मोर’ला ‘मर’ आणि ‘कपाट’ला ‘कपट’ वाचतो. त्याचे डोळे काना-मात्रा ओलांडून जातात. या दुसऱ्या मुलाला पुन्हा मुळाक्षरं गिरवायला लावणं हा त्याचा वेळ वाया घालवणं आहे. त्याला एका वेळी एकच स्वरचिन्ह हवं. चार दिवस फक्त काना, ‘कर-कार, मळ-माळ, पट-पाट’ अशा जोड्या, आणि मग वेलांटी. पुढे जोडाक्षरांत, त्यातही र च्या निरनिराळ्या रूपांत (सूर्य, चक्र, ट्रक, पऱ्या), परिच्छेद वाचणारी मुलंही थांबतात. शिक्षकाने मुलाच्या नावासमोर पायरी लिहितानाच ‘मात्रा’, ‘जोडाक्षर’ असा एक शब्द लिहिला तर पुढच्या महिन्याचा धडा तिथेच ठरतो.

गणितातही चूक कुठली ते बघावं. ‘४२ वजा १८’ याचं उत्तर ३६ लिहिणारा मुलगा बेफिकीर नसतो. त्याने प्रत्येक रकान्यात मोठ्यातून लहान वजा केला, ८ मधून २ आणि ४ मधून १. त्याला दशक सोडवणं समजलेलं नाही. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे हातात दिल्याशिवाय ते समजणारही नाही. ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिणाऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. मराठीत आधी एकक ऐकू येतो आणि लिहायचा मात्र दशक आधी. ‘एकोणचाळीस’मध्ये चाळीस ऐकून ४९ लिहिणारी मुलंही तशीच. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा राज्यभर गदारोळ झाला, पण अडचण खरी होती आणि वर्गात ती आजही आहे.

आता दोन्ही याद्या शेजारी ठेवा. आपल्या शाळेत तिसरी ते पाचवीत ७४ मुलं आहेत. समजा अक्षराच्या पायरीवर किंवा त्याखाली १४, शब्दावर १८, परिच्छेदावर २२, गोष्टीवर २०. अक्षरावरच्या १४ पैकी ९ मुलं दहा टक्क्यांहून जास्त गैरहजर आहेत, ५ मुलं मात्र नियमित येतात. ही पाच मुलं कुठल्याही उपस्थिती मोहिमेत दिसणार नाहीत, कारण ती वर्गात बसलेलीच आहेत. तीन-चार वर्षं रोज येऊन अक्षर ओळख नाही, म्हणजे एक तर नजर किंवा ऐकण्यात काही आहे, किंवा घरची बोली शाळेच्या मराठीपासून लांबची आहे, किंवा आपण शिकवण्यात चुकतो आहोत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं तेव्हा ही पाच नावं आधी लिहून त्यांच्या हातात द्यावीत, नाहीतर ११८ मुलांच्या घाईत त्यांचा नंबर अर्ध्या मिनिटात आटोपतो. उलट, गैरहजर राहूनही गोष्ट वाचणारी दोन-तीन मुलं निघतील. त्यांच्या मागे शाळेने आपली ताकद आत्ता घालवू नये. सगळ्यांकडे सारखं लक्ष द्यायचं ठरवलं की चार शिक्षकांची शाळा कोणाकडेच पुरेसं लक्ष देऊ शकत नाही.

उपाय म्हणून ‘जादा तास’ लिहिण्याची सवय सोडावी. शाळा सुटल्यावरचा तास ज्यांच्यासाठी असतो तीच मुलं त्या वेळी गुरं आणायला, पाणी भरायला गेलेली असतात. तास शाळेच्या वेळेतच हवा आणि परिपाठानंतर लगेच हवा. तिसरी ते पाचवीची मुलं त्या एका तासापुरती इयत्ता विसरून पायरीप्रमाणे बसतील, अर्धा तास भाषा आणि अर्धा तास गणित. भाषेसाठी आपल्या शाळेत वाटणी अशी होईल: अक्षर गटाची १४ मुलं एका शिक्षकाकडे, शब्द गटाची १८ दुसऱ्याकडे, परिच्छेद आणि गोष्ट मिळून ४२ तिसऱ्याकडे, आणि चौथ्याकडे पहिली-दुसरीची ४४. सर्वांत अनुभवी शिक्षक १४ च्या गटाला द्यावा. नेहमी उलटं होतं, हुशार मुलं चांगल्या शिक्षकाकडे आणि अक्षर गट नवख्याकडे जातो. मुख्याध्यापकाने स्वतः अक्षर गट घेतला तर त्या गटाची शाळेतली पतही बदलते. गणितासाठी पायऱ्या वेगळ्या येतात, म्हणून अर्ध्या तासाने काही मुलं खोली बदलतील. त्यात पाच मिनिटं जातात, ती जाऊ द्यावीत. दोन शिक्षकी शाळेत एवढे गट होत नाहीत. तिथे एका शिक्षकाने अक्षर-शब्द गट घ्यावा आणि दुसऱ्याने पहिली-दुसरी सांभाळताना वरच्या गटाला लेखन-वाचनाचं स्वतः करायचं काम द्यावं.

यावर खरा आक्षेप अभ्यासक्रमाचा आहे आणि तो टाळू नये. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास ठरवले आहेत, म्हणजे दिवसाला चार तास. त्यातला एक तास काढणं म्हणजे चौथा हिस्सा. पाचवीचा पाठ्यक्रम मग पूर्ण कसा होणार? त्यात २०२३ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे आणि पुनर्परीक्षेतही न जमल्यास मूल त्याच वर्गात राहू शकतं. माझं उत्तर असं: तो तास भाषा आणि गणिताच्या रोजच्या तासिकांतूनच घ्यायचा आहे, परिसर अभ्यासातून नाही. ज्या मुलाला परिच्छेद वाचता येत नाही त्याच्यासमोर पाठ्यक्रम ‘पूर्ण’ होतो तो फक्त शिक्षकाच्या टाचणवहीत. कलम २४ शिक्षकाला अभ्यासक्रम पूर्ण करायला सांगतं, आणि त्याच कलमात प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून त्यानुसार जादा शिकवायलाही सांगतं. पहिल्याचा हिशोब रोज मागितला जातो आणि दुसऱ्याचा क्वचितच, एवढाच फरक आहे. तरीही पाचवीच्या गोष्ट गटातल्या मुलांचं नुकसान होऊ नये म्हणून त्या ४२ च्या गटाला त्या तासात त्यांच्याच इयत्तेचा मजकूर द्यावा. हा तास त्यांच्यासाठी उजळणीचा नसावा.

गट दर सहा आठवड्यांनी फिरले पाहिजेत. जूनच्या शेवटी पहिली चाचणी, मग ऑगस्टच्या मध्यावर, मग सप्टेंबरच्या शेवटी, असं धरावं. चाचणीनंतरही १४ पैकी १२ मुलं अक्षर गटातच असतील तर दोष मुलांचा नाही, एक तर तास रोज झाला नाही किंवा पद्धत चुकली. तास खरंच किती झाले ते एका वहीत फक्त खूण करून ठेवावं. प्रशिक्षण, निवडणुकीचं काम, ऑनलाइन माहिती भरणं यांत शिक्षक जातो आणि सगळ्यांत आधी हाच तास पडतो. म्हणून आराखड्यातच लिहावं की शिक्षक नसेल त्या दिवशी कोणते दोन गट एकत्र बसतील. आणि गटांना रंगांची किंवा नद्यांची नावं दिली म्हणून मुलांना फसवता येत नाही, त्यांना आपण कुठे बसलो ते पहिल्या दिवशी कळतं. त्यांना दुखावतं ते महिनोन्महिने तिथेच राहणं.

उद्दिष्टही तसंच लिहावं. ‘उपस्थिती ८७ वरून ९५ टक्के’ असं नको. ‘चौथीच्या ११ पैकी ६ मुलांची गैरहजेरी दिवाळीपर्यंत दहा टक्क्यांच्या आत, अक्षर गटाच्या १४ पैकी ८ मुलं शब्दावर’ असं हवं. निपुण भारत अभियानाने तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचणं हे लक्ष्य ठेवलं आहे. ते डोळ्यांसमोर असावं, पण ‘मोर’ला ‘मर’ वाचणाऱ्या मुलासमोर घड्याळ लावू नये.

रोजच्या पाठपुराव्याची एक साधी साखळी पुरते. पहिल्या दिवशी शेजारच्या मुलाकडे चौकशी, दुसऱ्या दिवशी फोन, तिसऱ्या दिवशी घरी जाणं. घरभेट दुपारी केली तर कुलूप भेटतं, माणसं शेतात असतात. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर जावं लागतं आणि ते सगळ्या शिक्षकांना जमत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. त्यातला वस्तीवरचा एक सदस्य त्या वस्तीच्या मुलांसाठी नेमावा, हे समितीच्या बैठकीतलं सर्वांत उपयोगी काम ठरेल. घरी गेल्यावर ‘का पाठवत नाही?’ असं विचारलं की खोटं कारण मिळतं. ‘काय अडचण आली?’ विचारलं की बहुधा खरं मिळतं. आणि मूल परत आलं त्या दिवशी त्याला सगळ्यांसमोर उभं करू नये. बुडालेलं काय ते सांगायला शेजारचा एक मुलगा नेमावा, नाहीतर पहिल्या दिवसाच्या बोलण्यानेच पुढचे तीन दिवस जातात.

ऊसतोडीच्या गावात या सगळ्यावर एक मोठं सावट असतं. नवरा-बायकोचा एक कोयता मुकादमाकडून उचल घेतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास गाडी निघते ती मार्च-एप्रिलमध्ये परतते. शाळेच्या वर्षाचा निम्मा भाग गेला. हंगामी वसतिगृहाची योजना आहे. बऱ्याच गावांत मुलं आजी-आजोबांकडे झोपतात आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण त्यांना शाळेत मिळतं. पण प्रस्ताव, मंजुरी आणि निधी यात दिवस जातात आणि जेवण सुरू होईपर्यंत मुलं फडावर पोहोचलेली असतात. म्हणून ही यादी ऑगस्टमध्येच हवी, उचल घेतली जाते तेव्हा. प्रत्येक मुलासमोर मुकादम कोण, कारखाना कोणता, मागे राहिलं तर कोणाकडे राहील आणि जाणार असेल तर कधी, हे लिहावं. आजी एकटी आणि थकलेली असेल तर मुलगी मागे राहते ती स्वयंपाकासाठी, शाळेसाठी नाही, हेही बघावं लागतं. जाणाऱ्या मुलासोबत शिक्षण हमी पत्रक द्यायची व्यवस्था आहे. त्यावर इयत्तेइतकीच त्याची वाचनाची पायरी लिहिणं महत्त्वाचं, कारण तिकडचा शिक्षक त्याला चौथीत बसवेल पण तो शब्दावर आहे हे त्याला कोण सांगणार? आणि परतलेल्या मुलाची चाचणी पहिल्या दोन दिवसांत व्हावी, मार्चच्या मध्यावर का असेना. एप्रिलचे वीसेक दिवस रोज एक तास मिळाला तर अक्षरावरचं मूल मात्रांपर्यंत येऊ शकतं.

मजुरी, पाऊस आणि उचल या गोष्टी मुख्याध्यापकाच्या हातात नाहीत आणि आराखड्याने तसा आव आणू नये. पैशाचीही फार मागणी नसावी. समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान १०१ ते २५० पटाला ५० हजार रुपये ठरलेलं आहे, त्यातला काही भाग स्वच्छतेला जातो आणि रक्कम अनेकदा वर्ष संपता संपता येते. शब्दकार्डं, काड्यांचे गठ्ठे आणि वाचायला पन्नास पातळ गोष्टींची पुस्तकं एवढ्यात हे काम उभं राहतं. महाग आहे तो वेळ, आणि तो वरून मंजूर होत नाही.

नावांची यादी भिंतीवर लावू नये, पोर्टलवर चढवू नये, मुख्याध्यापकाच्या कपाटात ठेवावी. पण एका माणसाला ती द्यावीच लागते. बदल्या उन्हाळ्यात होतात. नव्या मुख्याध्यापकाला पदभार देताना दप्तर, किल्ल्या, धान्याचा साठा यांची यादी होते आणि सह्या होतात. त्या पदभार यादीत ही चार पानंही क्रमांक टाकून लिहावीत: कोण कुठल्या पायरीवर, कोण दिवाळीनंतर जातं, कोणाच्या घरी कोणत्या वेळी माणूस भेटतो. ती नसतील तर जूनमध्ये आडवी बेरीज पुन्हा पहिल्यापासून, आणि तिला पुरेसा हजेरीपट भरायला सप्टेंबर उजाडतो.